कोकणातून नव्या शहरात घर हलवताना सामानाचा तक्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना संपता संपता आणि शाळा सुरू होण्याच्या आधी कोकणातून पुण्या-मुंबईकडे घर हलवणाऱ्यांची घाई सुरू होते आणि त्याच सुमारास सामानाच्या यादीविषयी तेच ते प्रश्न पुन्हा येतात. खोली, वस्तू, खोके क्रमांक, नाजूकपणा आणि स्थिती अशा पाच रकान्यांचा तक्ता गृहीत धरून ही उत्तरे दिली आहेत. तक्ता वहीत आखलेला असो वा संगणकावर, नियम तेच राहतात. जिथे संगणकामुळे फरक पडतो, तिथे तसे सांगितले आहे.

१. प्रत्येक खोक्यावर मार्करने आतले सामान लिहिले, तर वेगळा तक्ता कशाला हवा?

खोक्यावरचा मजकूर खोके समोर असेपर्यंतच उपयोगी पडतो. जे खोके टेम्पोत मागे राहिले किंवा जुन्या घराच्या पडवीतच विसरले, त्याच्यावरचा मजकूर ते हरवल्याचे सांगायला येत नाही. ते काम तक्ता करतो. शिवाय ‘चांदीची भांडी’ किंवा ‘पितळी समया’ असे ठळक अक्षरांत बाहेर लिहून ते खोके अनोळखी हातांत देणे शहाणपणाचे नाही. म्हणून खोक्यावर फक्त क्रमांक, नव्या घरातली खोली आणि ते कसे हाताळायचे याचा एक शब्द असावा. आत काय आहे, हे तक्त्यात राहू द्यावे.

२. तक्त्यातली एक ओळ म्हणजे एक वस्तू की एक खोके?

एक वस्तू. खोकेनिहाय यादी लवकर तयार होते, हे खरे. मात्र नव्या घरात पहिल्याच रात्री दिवा लावायला समई हवी असली, तर ‘स्वयंपाकघर, इतर’ असे लिहिलेल्या चार खोक्यांपैकी कोणते उघडायचे ते त्या यादीतून कळत नाही. वस्तूनिहाय तक्ता खोके क्रमांकाप्रमाणे लावला की खोकेनिहाय यादी आपोआप मिळते. उलट दिशेने असे होत नाही.

मात्र प्रत्येक चमच्याला स्वतंत्र ओळ देण्याची गरज नाही. एकाच प्रकारच्या, एकाच खोक्यात जाणाऱ्या वस्तू एका ओळीत घेऊन संख्या कंसात लिहावी, उदाहरणार्थ ‘काचेचे पेले (६)’. त्यांतले दोन पेले दुसऱ्या खोक्यात गेले, तर ओळ फोडून दोन ओळी कराव्यात. मिक्सरची मोटर एका खोक्यात आणि भांडी दुसऱ्यात असतील, तर तेथेही हाच नियम लागू होतो.

३. ‘खोली’ या रकान्यात जुन्या घरातली खोली लिहायची की नव्या?

बहुतेक घोळ या एका रकान्यात होतो. यादी करताना आपण ओटी, माजघर, पडवी, माळा असे फिरत असतो आणि हाताला येईल ते नाव लिहून टाकतो. पण नव्या सदनिकेत माजघरही नसते आणि माळाही नसतो. खोके खांद्यावर घेऊन आलेला हमाल दारात उभा राहून ‘हे कुठे ठेवू’ एवढेच विचारतो. म्हणून रकान्यात नव्या घरातली खोलीच लिहावी : हॉल, स्वयंपाकघर, मागची खोली, बाल्कनी.

जुन्या जागेची आठवण अगदीच पुसायची नसेल, तर ती खोके क्रमांकाच्या पहिल्या अक्षरात ठेवता येते. तो प्रकार प्रश्न ४ मध्ये सांगितला आहे. जिची नव्या घरातली जागा अजून ठरलेली नाही, अशा वस्तूसमोर रकाना रिकामा सोडू नये, ‘मागची खोली’ लिहावे. ठरेपर्यंत ठेवण्यासाठी एक खोली सर्वांनी मान्य करावी लागते, नाहीतर ती खोली हॉल होते आणि पुढचा महिनाभर चालायला वाट राहत नाही.

४. खोके क्रमांक कसा द्यावा?

जुन्या घरातल्या जागेचे एक-दोन अक्षरी चिन्ह आणि त्यापुढे दोन अंकी क्रमांक ही पद्धत सोयीची आहे : स्वै-०१, मा-०७, प-०२. क्रमांक दोन अंकी ठेवण्याचे कारण असे की संगणक हा मजकूर अक्षराअक्षराने लावतो, त्यामुळे ‘स्वै-१०’ हे ‘स्वै-२’ च्या आधी येऊन बसते. अक्षर न लावता नुसते ‘3-2’ असे टंकले तर स्प्रेडशीट त्याची तारीख करून टाकते आणि क्रमांक कुठे गेला ते पटकन लक्षातही येत नाही.

आणखी एक अडचण खास मराठीत लिहिणाऱ्यांची आहे. घरातल्या एकाच्या मोबाइलवर देवनागरी अंक उमटतात आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर इंग्रजी. डोळ्यांना ते एकच वाटले तरी तक्त्यात एकाच खोक्याच्या दोन वेगळ्या नोंदी होतात आणि शोधताना त्यांतली एक निसटते. कोणते अंक वापरायचे ते पहिल्या दिवशीच ठरवावे.

एकदा दिलेला क्रमांक कधीही दुसऱ्या खोक्याला देऊ नये. एखादे खोके रिकामे करून रद्द केले, तर तो क्रमांकही रद्द समजावा. मधला एक क्रमांक गळालेला असल्याने काहीच बिघडत नाही. एका क्रमांकाची दोन खोकी झाली, तर मात्र मोजणीवर पाणी पडते.

५. कपाट, गादी, पाटा-वरवंटा यांना खोकेच नसते. त्यांच्यासमोर काय लिहायचे?

त्यांना ‘सुटे’ म्हणून स्वतंत्र मालिका द्यावी : सु-०१, सु-०२ याप्रमाणे. वाहतूकवाले सामान नगांत मोजतात आणि बिल्टीवरही नगांचीच संख्या लिहितात. त्यामुळे टेम्पोत स्वतंत्रपणे उचलून ठेवली जाणारी प्रत्येक गोष्ट, खोक्यात असो वा नसो, क्रमांक घेऊनच चढली पाहिजे. पाटा आणि वरवंटा वेगवेगळे उचलले जात असतील, तर त्यांचे दोन नग आणि दोन क्रमांक होतात.

सुटा केलेला पलंग हे याचे उत्तम उदाहरण आहे. डोक्याकडची फळी, पायाकडची फळी, बाजूच्या पट्ट्यांचा बांधलेला गठ्ठा आणि वरची फळी असे चार नग होतात, आणि त्यांचे बोल्ट एका पिशवीत जातात. ती पिशवी पलंगाच्या फळीला चिकटपट्टीने लावून ठेवण्याची पद्धत आहे, पण वाटेत पट्टी सुटते आणि पिशवी पडते. त्यापेक्षा ‘पलंगाचे बोल्ट व पाना’ अशी वेगळी ओळ करून ती पिशवी हत्यारांच्या खोक्यात टाकावी आणि त्या खोक्याचा क्रमांक तिच्यासमोर लिहावा. नव्या घरात ते खोके सर्वांत आधी उघडले जाते, हे ध्यानात ठेवावे.

६. ‘नाजूकपणा’ या रकान्यात ‘हो’ आणि ‘नाही’ एवढे पुरत नाही का?

पुरत नाही, कारण ‘नाजूक’ या शब्दावरून हमालाने नेमके काय करायचे ते ठरत नाही. काचेच्या पेल्यावर वजन ठेवायचे नसते, आगळाची बाटली आडवी करायची नसते आणि पुस्तकांना ओल लागू द्यायची नसते. ही तीन वेगळी कामे आहेत. म्हणून या रकान्यात चारच शब्द ठेवावेत : फुटेल, सांडेल, भिजेल, साधे.

‘फुटेल’ लिहिलेले खोके थरात सर्वांत वर जाते. त्यातल्या थाळ्या आणि बशा आडव्या न रचता कडेवर उभ्या लावाव्यात, कारण आडव्या थप्पीत वरच्या सगळ्यांचा भार खालच्या बशीवर येतो. ‘सांडेल’ लिहिलेले खोके टेम्पोच्या तळाशी, उभे आणि दोन्ही बाजूंनी अडकवून ठेवावे लागते. आंबा घाटातून कोल्हापूरमार्गे जा किंवा कुंभार्ली घाटातून कराडमार्गे, वळणांवर सामान पुढेमागे हलण्यापेक्षा बाजूला जास्त सरकते. ‘भिजेल’ म्हणजे आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळून मग खोक्यात ठेवायचे, आणि ते खोके फाळक्याजवळ ठेवायचे नाही.

७. एकाच वस्तूला दोन शब्द लागू होत असतील, किंवा एकाच खोक्यात वेगवेगळ्या वस्तू असतील तर?

दोन शब्द लागू झाल्यास इतर सामानाचे अधिक नुकसान करणारा शब्द निवडावा. कोकम आगळाची काचेची बाटली फुटतेही आणि सांडतेही. तिच्यासमोर ‘सांडेल’ लिहावे, कारण फुटलेली बाटली फक्त स्वतःपुरती जाते, तर सांडलेले आगळ शेजारच्या सुती साडीवर कायमचा डाग ठेवते. खोक्याच्या बाबतीतही हाच न्याय लावावा : आतल्या वस्तूंपैकी सर्वांत धोक्याचा शब्द खोक्यावर येतो. मात्र ‘सांडेल’ आणि ‘भिजेल’ एकाच खोक्यात आले, तर तो लिहिण्याचा प्रश्न नसून भरण्यातली चूक आहे. खोके पुन्हा भरावे.

८. ‘स्थिती’ रकान्यात कोणकोणत्या नोंदी असाव्यात?

बाकी, भरले, बंद, चढवले, उतरवले या पाच. ‘अर्धे झाले’, ‘जवळजवळ’, ‘उद्या’ अशा नोंदी करू नयेत, कारण त्या डोळ्यांनी तपासून पाहता येत नाहीत. वस्तू खोक्यात गेली की ‘भरले’. खोके चिकटपट्टीने बंद होऊन त्यावर क्रमांक लागला की त्यातल्या सर्व वस्तूंसमोर ‘बंद’. म्हणजे ‘भरले’ ही वस्तूची स्थिती आहे आणि पुढच्या तिन्ही खोक्याच्या आहेत. त्यामुळे ‘बंद’ करण्याची वेळ आली की तक्ता खोके क्रमांकाप्रमाणे लावून घ्यावा, म्हणजे त्या खोक्याच्या ओळी एकाखाली एक येतात आणि एकदम बदलता येतात. लावताना पाचही रकाने निवडलेले आहेत याची खात्री करावी. एकच रकाना निवडून क्रम लावला, तर बरणीसमोर गादीचा क्रमांक येतो आणि तक्ता दिसायला अगदी व्यवस्थित राहतो.

या पाच नोंदी हाताने टंकू नयेत. गूगल शीट्समध्ये Insert मधील Dropdown आणि एक्सेलमध्ये Data Validation मधील List वापरून यादी लावून द्यावी. ‘बाकी’ नंतर चुकून पडलेली एक रिकामी जागासुद्धा मोजणी चुकवते. किती वस्तू राहिल्या आणि एकूण नग किती, हे पुढील सूत्रांनी कळते (दुसरे सूत्र गूगल शीट्समध्ये चालते) :

```
=COUNTIF(E2:E300,"बाकी")
=COUNTUNIQUE(C2:C300)
```

९. ‘चढवले’ ही नोंद नेमकी कधी करायची? आमच्या वाडीत मोठी गाडी येतच नाही.

हा प्रश्न कोकणातून वारंवार येतो आणि तो रास्त आहे. अनेक वाड्यांत घरापासून रस्त्यापर्यंत पाखाडी असते. सामान आधी डोक्यावरून किंवा लहान पिकअपमधून खाली जाते आणि डांबरी रस्त्यावर मोठ्या टेम्पोत भरले जाते. अशा वेळी घरातून बाहेर पडताना ‘चढवले’ लिहिले, तर पाखाडीच्या कडेला टेकवलेले खोके कागदावर टेम्पोत असते आणि प्रत्यक्षात आंब्याखाली. म्हणून ही नोंद फक्त शेवटच्या गाडीच्या फाळक्यापाशी, तेथे उभ्या असलेल्या एकाच माणसाने करावी. घरापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे तक्त्याची नुसती प्रत असावी. त्याने तिच्यावर क्रमांकाला बरोबरची खूण करावी, स्थिती बदलू नये.

१०. एखादा भरलेला नमुना दाखवता येईल का?

रत्नागिरीजवळच्या एका घराचे स्वयंपाकघर पुण्याच्या सदनिकेत जात आहे, निघायला दोन दिवस आहेत, असे धरून काही ओळी खाली दिल्या आहेत.

| खोली | वस्तू | खोके क्र. | नाजूकपणा | स्थिती |
|---|---|---|---|---|
| स्वयंपाकघर | चिनी मातीची मोठी बरणी (रिकामी) | स्वै-०१ | फुटेल | बंद |
| स्वयंपाकघर | काचेचे पेले (६) | स्वै-०१ | फुटेल | बंद |
| हॉल | पितळी समई (खोलून, ३ भाग) | स्वै-०२ | साधे | बंद |
| स्वयंपाकघर | विळी (पाते गोणपाटात बांधलेले) | स्वै-०२ | साधे | बंद |
| स्वयंपाकघर | कोकम आगळ, बाटल्या (४) | स्वै-०३ | सांडेल | भरले |
| स्वयंपाकघर | लोणच्याची लहान बरणी (भरलेली) | स्वै-०३ | सांडेल | भरले |
| बाल्कनी | पाटा | सु-०१ | साधे | बंद |
| स्वयंपाकघर | कुकर, चहाचे पातेले, गाळणे | स्वै-०९ | साधे | बाकी |

यात तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. मोठी बरणी मुद्दाम रिकामी केली आहे. भरलेली असती तर ती ‘सांडेल’ मध्ये गेली असती आणि पेल्यांबरोबर ठेवता आली नसती. समई हॉलमध्ये जायची असली तरी ती स्वयंपाकघराच्या स्वै-०२ मध्ये आहे, म्हणून त्या खोक्यावर ‘स्वयंपाकघर’ लिहिले जाईल आणि समई शोधायला तक्ताच उघडावा लागेल. असे अपवाद दोन-तीनच असावेत. आणि स्वै-०९ हे शेवटचे खोके आहे : चहा झाल्यावरच ते बंद होते, त्यामुळे निघायच्या सकाळपर्यंत त्याची ‘बाकी’ ही स्थिती ही दिरंगाई नसून ठरवलेली गोष्ट आहे. पाट्याला पुठ्ठा बांधून क्रमांक लावला की तोही ‘बंद’ समजतो.

११. आंब्याच्या पेट्या वापरल्या तर चालतील का?

लाकडी पेट्या जड आणि लहान सामानाला उत्तम आहेत. पितळी भांडी, हत्यारे, थोडी पुस्तके त्यांत चांगली बसतात आणि थर रचल्यावर पेटी दबत नाही. पुठ्ठ्याच्या आंबापेटीला हवेसाठी भोके असतात, म्हणून तिच्यात ‘भिजेल’ प्रकारची वस्तू ठेवू नये. तळाशी आंब्याच्या रसाचा चिकटपणा राहिला असेल, तर मुंग्या नव्या घरापर्यंत सोबत येतात. तेव्हा पेटी उन्हात पालथी घालून, झटकून मगच वापरावी. पेंढा भरणीला वापरायचा असल्यास तो कडक वाळलेला असावा, दमट पेंढ्याला दोन दिवसांत बुरशी धरते.

तक्त्याच्या दृष्टीने खरा त्रास पेटीवर आधीच लिहिलेल्या खुणांचा आहे. व्यापाऱ्याचे अक्षर, डझनांचा आकडा, प्रतीची खूण हे सगळे मार्करनेच लिहिलेले असते आणि उतरवताना ‘प ५’ हा आपलाच क्रमांक वाटतो. जुन्या खुणांवर कागद चिकटवून मगच नवा क्रमांक घालावा. क्रमांक झाकणावर न घालता दोन लगतच्या बाजूंवर घालावा, कारण थर लागल्यावर झाकण दिसत नाही.

१२. बंद केलेले खोके पुन्हा उघडावे लागले तर?

उघडावे लागतेच. त्या खोक्याच्या सर्व ओळी ‘बंद’ वरून ‘भरले’ वर आणाव्यात, काढलेल्या वस्तूची ओळ ‘बाकी’ करून तिचा खोके क्रमांक पुसावा, आणि खोके पुन्हा चिकटवल्यावरच ‘बंद’ लिहावे. क्रमांक पुसायचा राहिला, तर काढलेली वस्तू कागदावर त्याच खोक्यात राहते आणि नव्या घरात तिचा शोध तिथेच घेतला जातो.

१३. पाऊस सुरू झाल्यावर हलवायचे असेल, तर तक्त्यात काय बदलते?

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला की ‘साधे’ या शब्दाचा अर्थ आखडतो. पुठ्ठा हवेतली ओल शोषून मऊ पडतो आणि खालचे खोके वरच्या भाराने बसते. त्यामुळे कपडे, गाद्या, उशा आणि लाकडी फर्निचरही ‘भिजेल’ मध्ये न्यावे. खोकी आठवडाभर आधी भरून पडवीत रचून ठेवू नयेत. ‘बंद’ आणि ‘चढवले’ यांमध्ये जितके कमी दिवस जातील तितके बरे. क्रमांक पाण्याने पसरणाऱ्या शाईने लिहिला असेल, तर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी ओढावी.

१४. दागिने, कागदपत्रे आणि गॅस सिलिंडर तक्त्यात घ्यायचे का?

नाही. दागिने, रोकड, जमिनीचे कागद, शाळेचे दाखले आणि औषधे स्वतःबरोबर न्यावीत आणि त्यांची यादी वेगळ्या कागदावर ठेवावी. हा तक्ता टेम्पोवाल्याच्या आणि हमालांच्या नजरेखालून जातो, आणि टेम्पोत न चढणाऱ्या वस्तू त्यात घुसल्या की नगांची संख्या जुळत नाही. सिलिंडर सामानाबरोबर न्यायचाच नसतो. सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून जोडणी बदलीचा कागद घ्यावा. शेगडी मात्र तक्त्यात येते.

१५. पॅकर्सवाले स्वतःची यादी करतात. मग आपली कशाला?

त्यांची यादी नगांची असते, आपली वस्तूंची. त्यांनी स्वतःचे क्रमांक चिकटवले, तर आपले खोडू नयेत. बंद करताना त्यांचा क्रमांक आपल्या क्रमांकापुढे तिरपी रेघ देऊन लिहावा आणि तो त्या खोक्याच्या सर्व ओळींत सारखाच लिहावा, नाहीतर वरचे दुसरे सूत्र एका खोक्याची दोन मोजते. प्रवासाचा विमा काढला असेल, तर वस्तूंच्या किमतींची यादी लागते. ती स्वतंत्र करावी, या तक्त्यात सहावा रकाना वाढवू नये.

१६. उतरवल्यावर एक नग कमी भरला, तर तक्त्याचा उपयोग कसा होतो?

समजा ३१ खोकी आणि १२ सुटे मिळून ४३ नग चढले आणि सदनिकेत ४२ आले. प्रत्येक नग दारातून आत येताना त्याच्या ओळी ‘उतरवले’ केलेल्या असतील, तर तक्ता स्थितीप्रमाणे लावताच ‘चढवले’ वर अडकलेल्या ओळी एकत्र दिसतात. त्यांत मा-०७ हा एकच क्रमांक आणि समोर ‘शब्दकोश’, ‘जुने अंक’, ‘फोटोंचे आल्बम’ दिसले, तर नेमके कोणते खोके आणि त्यात काय, हे दोन मिनिटांत कळते.

आधी टेम्पोची केबिन, फाळक्यालगतचा कोपरा, इमारतीचे पार्किंग आणि लिफ्टसमोरची जागा पाहावी. अवजड खोके हमाल मध्येच टेकवतात आणि ते तिथेच राहते. तरीही न सापडल्यास बिल्टीवर ‘४३ पैकी ४२ नग मिळाले, मा-०७ मिळाले नाही’ असे लिहून मगच सही करावी. ‘सामान मिळाले’ एवढ्यावर सही झाली की तक्रारीला आधार उरत नाही. खोके आले पण आतले पेले फुटलेले निघाले, तर वस्तूची ओळ ‘उतरवले’ च ठेवावी आणि खोके रिकामे करण्याआधी, भरण जागेवर असतानाच, आतला आणि बाहेरचा फोटो काढून घ्यावा.